पुस्तकामागचा मजकूर आणि मित्राला पाठवायचा मेसेज

कादंबरी आवडली की बरेच जण तिच्या मलपृष्ठाचा फोटो काढतात आणि ‘नक्की वाच’ असं लिहून मित्राला पाठवून देतात. मलपृष्ठ आणि शिफारस दिसतात सारखीच. दोन्ही आटोपशीर, दोन्हींत कौतुक, दोन्हींत शेवट झाकलेला. पण मलपृष्ठ लिहिलेलं असतं ते अप्पा बळवंत चौकातल्या दुकानात पुस्तक उचलून बघणाऱ्या कुठल्याही अनोळखी माणसासाठी. विषय, लेखकाचा लौकिक, पुरस्कार एवढंच तिथे सांगता येतं. हे पुस्तक तुलाच का, याचं उत्तर तिथे असूच शकत नाही.

ते उत्तर मित्राच्या वाचनातच सापडतं. त्याने काय संपवलं यापेक्षा काय अर्ध्यात सोडलं, ते आधी आठवावं. माझा एक मित्र वनाजहून रामवाडीला मेट्रोने जाता-येता वाचतो. एक जाडजूड कादंबरी त्याने सोडली, कारण नायकाचं मनातलं बोलणं संपेना. व्यक्तिचित्रं मात्र तो आवडीने वाचतो. त्याला व्यंकटेश माडगूळकरांची ‘बनगरवाडी’ (1955) सुचवताना मी लिहिलं:

‘तुला माणसं आवडतात, विवेचन नाही, म्हणून हे. संस्थानी काळ, माणदेश. एक तरुण मास्तर धनगरांच्या लहानशा गावात शाळेवर जातो. जे दिसतं तेवढंच सांगतो, आणि दोन-चार वाक्यांत माणूस उभा करतो. पुस्तक छोटं आहे, तुझ्या प्रवासात बसेल. संवाद तिकडच्या बोलीत आहेत, काही पानांत कान सरावतो. रहस्य वगैरे नाही, घटना सावकाश घडतात. घाईत असशील तर आत्ता नको घेऊस.’

यात कथानक आहे ते फक्त सुरुवातीचं. मी एवढीच हद्द पाळतो: पहिल्या काही पानांत जे कळतं तेवढं सांगायचं, पुढचं नाही. शेवटची दोन वाक्यं मलपृष्ठावर कधीच येणार नाहीत, कारण तिथे पुस्तक विकायचं असतं. मित्राला मात्र ती सांगायलाच हवीत. संथपणा आधी माहीत असला की तो खटकत नाही. नसला तर तिसाव्या पानावर पुस्तक मिटतं.

रहस्य फुटतं ते बहुतेक वेळा घटना सांगून नाही, भावना सांगून. ‘शेवट वाचून रडशील’ किंवा ‘मधे एक धक्का आहे’ यात एकही घटना नाही, तरी वाचणारा प्रत्येक पानावर त्या धक्क्याची वाट बघत बसतो. मलपृष्ठावरचं ‘हृदय हेलावणारी’ हे विशेषण कुणी फारसं मनावर घेत नाही. तेच मित्राने लिहिलं की खरं वाटतं, म्हणून तिथे जास्त जपावं लागतं.

नंतर विचारायचं झालं तरी ‘कुठवर आलास?’ एवढंच विचारावं. ‘अमका आला का?’ म्हटलं की त्या अमक्याचं काहीतरी होणार, हे त्याला कळून चुकतं.