विरजलेली साय

साय विरजून, पण न घुसळता, घट्ट व आंबूस अवस्थेत वापरायचा दुग्धपदार्थ. बाजारात तो ‘सावर क्रीम’ या नावाने मिळतो. कोल्हापूरकडे साय विरजतात ती लोण्या-तुपासाठी. या पदार्थात घुसळण्याआधीच थांबायचे असते.

पूर्व युरोपातील ‘स्मेताना’ हा त्याचा पूर्वज, असे सहसा सांगितले जाते. मात्र दुभती जनावरे पाळणाऱ्या अनेक समाजांत साय आपोआप आंबवण्याची रीत असावी, त्यामुळे एकच उगम मानणे धाडसाचे वाटते. शुद्ध विरजणाचा वापर त्या मानाने अलीकडचा. डेन्मार्कमध्ये व्हिल्हेल्म स्टॉर्च यांनी 1890 च्या सुमारास लोण्याच्या सायीसाठी निवडक जिवाणू वापरले आणि सायीचे आंबणे माणसाच्या ताब्यात आले.

घरच्या दह्याने विरजलेल्या सायीला सावर क्रीम म्हणावे का, यावर मतभेद आहेत. कारखान्यात लॅक्टोकॉकस व ल्यूकोनोस्टॉक हे मध्यम उष्णतेत वाढणारे जिवाणू वापरतात. त्यांच्यापैकी काही दुधातील सायट्रेटपासून डायॲसिटिल तयार करतात आणि लोण्याचा ओळखीचा वास येतो तो त्यामुळे. योगर्टचे जिवाणू 40 ते 45 अंश सेल्सिअसला जोमाने वाढतात व मुख्यतः आंबटपणा वाढवतात. घरच्या विरजणात दोन्ही प्रकार असू शकतात, त्यामुळे कोणाची सरशी होणार हे बरेचसे तापमानावर ठरते. 22 ते 24 अंशांना लॅक्टोकॉकसचे फावते. म्हणून नावाच्या वादापेक्षा तापमानाकडे लक्ष देणे अधिक उपयोगी.

कोल्हापुरात पावसाळ्यात घरातली हवा बहुधा याच्या जवळपास असते. जुलैतला एक घाणा असा लावता येतो. 250 मिली पाकिटातले, 25 टक्के स्निग्धांशाचे साधे क्रीम मंद आचेवर ढवळत 80 ते 85 अंशांपर्यंत तापवून दोन-तीन मिनिटे तिथेच ठेवावे. भांडे गार पाण्यात ठेवून ते 25 अंशांखाली आणावे. एक मोठा चमचा ताजे, गोडसर, जिवंत विरजणाचे दही फेटून त्यात मिसळावे. मीठ-मसाल्याचे ताक चालत नाही. उकळत्या पाण्याने धुतलेल्या बरणीत भरून ती झाकून ठेवावी व हलवू नये. संध्याकाळी सहाला लावले तर सकाळी आठ ते दुपारी बारापर्यंत, म्हणजे 14 ते 18 तासांत, ते लागते. बरणी तिरकी केली की साय एकसंध सरकते आणि चमच्याने काढलेली रेघ तशीच राहते. त्यानंतर 4 अंशांच्या आसपास फ्रिजमध्ये ठेवल्यावर ती आणखी घट्ट होते. आठवड्याभरात संपवावी.

30 अंशांना हेच काम 8 ते 10 तासांत होते, पण वास कमी आणि आंबटपणा जास्त. एप्रिल-मेमध्ये पारा पस्तिशीपलीकडे गेला की पाणी सुटते. तेव्हा माठातल्या पाण्याच्या पातेल्यात बरणी ठेवून वर ओले फडके टाकावे आणि ते पाणी अधूनमधून बदलावे. डिसेंबरातल्या थंडीत उलट अडचण येते: साय लागतच नाही. अशा वेळी बरणी कोमट पाण्याच्या डब्यात ठेवतात.

सुरक्षिततेचे गणित वेळेपेक्षा आम्ल किती लवकर तयार होते यावर आहे. पीएच 4.6 च्या खाली गेला की बहुतेक घातक जिवाणूंची वाढ मंदावते किंवा थांबते. विरजण मेलेले किंवा थोडे असेल, तर त्या आधीच स्टॅफिलोकॉकस वाढून विष तयार करू शकतो. त्या विषाला वास नसतो आणि ते उकळूनही नाहीसे होत नाही. म्हणून 24 तासांत न लागलेली साय चाखून न पाहता टाकून द्यावी. पुन्हा विरजण घालून वाचवण्याचा प्रयत्न करू नये. गुलाबी, नारिंगी वा हिरवा डाग, बुडबुडे, यीस्टचा वास किंवा कडवटपणा दिसला तरी हाच न्याय. लहान मुले, गरोदर स्त्रिया व आजारी माणसांसाठी तर ही मर्यादा अधिक काटेकोर पाळावी.

गंगावेशीतल्या कट्ट्यावर समोर पिळलेले धारोष्ण दूध पिण्याची कोल्हापुरी हौस सर्वश्रुत आहे. त्या दुधाची कच्ची साय मात्र या कामाला घेऊ नये. दूध उकळूनच साय धरावी. म्हशीच्या उकळलेल्या दुधाची साय पापुद्र्यांची असते, तशीच विरजली तर रवाळ होते. ती चार-पाच दिवस फ्रिजमध्ये साठवून, थोडे दूध घालून, वर सांगितल्याइतकी तापवावी आणि गरम असतानाच रवीने किंवा मिक्सरमध्ये एकजीव करावी. गार सायीला मिक्सर लावला तर लोणी निघते, कारण 10 ते 15 अंशांना स्निग्धकण एकमेकांना चिकटतात. गरम असताना ते द्रवरूप राहतात. ओट्यावर रोज थोडी थोडी साय जमवून मग विरजण्याची पद्धत घरोघरी दिसते. तूप कढवताना तिचे दोष फारसे जाणवत नसले, तरी ज्या सायीला पुढे चूल दिसणार नाही तिच्यासाठी ती त्याज्य मानावी.