टॅगला फोन दोनदा टेकवून बघा

महागड्या स्कॉचच्या बाटलीवरच्या टॅगला, म्हणजे फोन जवळ नेला की वाचता येणाऱ्या एनएफसी चिपच्या स्टिकरला, फोन टेकवला आणि ‘अस्सल उत्पादन’ असं पान उघडलं, की बाटली खरी, असा समज पसरला आहे. बाटली विकणारा त्या पानाचा स्क्रीनशॉट पाठवतो आणि घेणारा निर्धास्त होतो. पण पान उघडलं यावरून एवढंच कळतं की टॅगमध्ये एक वेबपत्ता आहे. साध्या एनएफसी टॅगमध्ये तो पत्ता कायम तोच असतो. फुकटच्या ॲपने तो वाचून कोऱ्या स्टिकरवर उतरवता येतो. चिपचा कारखान्यातला क्रमांकही बदलता येईल असे कोरे टॅग मिळतात, त्यामुळे नुसत्या क्रमांकावरही भिस्त ठेवता येत नाही.

खरी गंमत पुढच्या पिढीच्या चिपमध्ये आहे. २०१५ मध्ये डियाजिओ आणि थिनफिल्म या कंपन्यांनी जॉनी वॉकर ब्लू लेबलची अशी नमुना बाटली दाखवली होती, जिचा टॅग बाटली सीलबंद आहे की उघडलेली हे सांगायचा. आज एनएक्सपी कंपनीची ‘एनटॅग ४२४ डीएनए टॅगटॅम्पर’ ही चिप हेच काम करते, आणि वर प्रत्येक वाचनाला नवा पत्ता तयार करते. समजा, फोन लावल्यावर हे आलं:

```
https://example.com/t?uid=04A2B3C4D5E680&ctr=00000B&mac=94EED9EE65337086&tt=CC
```

`uid` हा चिपचा क्रमांक. `ctr` म्हणजे मोजणी: इथे सोळाच्या पद्धतीत B, म्हणजे अकरावं वाचन. `mac` ही चिपची सही. चिपच्या पोटात एक गुप्त किल्ली असते आणि ती बाहेर वाचता येत नाही. क्रमांक आणि मोजणी यांवर त्या किल्लीने एईएस या कूटलेखनाच्या पद्धतीचं गणित करून चिप सही काढते. कंपनीच्या सर्व्हरकडेही तीच किल्ली असते, म्हणून तो सही ताडून पाहू शकतो. पुढच्या वाचनाला मोजणी `00000C` होते आणि सही पार बदलते.

आता कोणी हा पत्ता कोऱ्या टॅगवर उतरवला, तर नकलेला पुढची सही काढताच येत नाही. ती अकरावरच अडकते. सर्व्हरने अकरावं वाचन आधीच पाहिलेलं असेल, तर तो नकार देतो. चलाख माणूस खऱ्या बाटलीला इंटरनेट बंद ठेवून पंचवीस वेळा फोन लावतो, पंचवीस न वापरलेले पत्ते गोळा करतो आणि पंचवीस नकला करतो. त्यातली प्रत्येक नक्कल पहिल्यांदा पास होऊ शकते. म्हणून टॅगला दोनदा फोन लावायचा आणि दोन्ही वेळी पत्त्याच्या पट्टीसह स्क्रीनशॉट मागायचा. दोन्हींत `ctr` आणि `mac` तेच असतील, तर तो टॅग नक्कल आहे. (काही कंपन्या क्रमांक आणि मोजणी कूटबद्ध करून एकत्र पाठवतात, तेव्हा ती सगळी अक्षरमाळ बदलायला हवी.) दोन वेगळ्या विक्रेत्यांच्या फोटोंत एकच `uid` दिसला, तरी एकच बाटली हातबदल झाली नसेल तर निदान एक टॅग नकली.

शेवटचं `tt` मला सगळ्यात आवडतं. चिपपासून एक बारीक तार निघून झाकणाच्या सांध्यावरून जाते. `C` म्हणजे तार अखंड, `O` म्हणजे तुटलेली. पहिलं अक्षर कायमची नोंद, दुसरं या क्षणाची स्थिती. बाटली उघडून तार पुन्हा जोडली तर `OC` येतं: आता जोडलेली, पण कधीतरी तुटली होती.

मात्र चिपमध्ये बॅटरी नसते. फोन जवळ आला तरच ती जागी होते. तार तुटलेली असताना कोणी फोन लावलाच नाही, तर कायमची नोंद होत नाही. बाटली भरून वीज वाहणाऱ्या चांदीच्या रंगाने तार जोडली की `CC` परत येतं. इथे फोटो कामाला येतो. सांध्यावर रेघ मध्येच जाड झालेली किंवा निराळ्या चमकेची दिसते. कागदी खोक्यावरचं सील उपटून पुन्हा चिकटवलेलं असेल, तर कडेखाली उचकटलेले तंतू, जुन्या डिंकाची सरकलेली दुसरी कड आणि अडकलेली धूळ दिसते. ‘व्हॉइड’ अक्षरं उमटणाऱ्या फिल्ममध्ये ती अक्षरं पुसट का होईना राहतात. पण समोरून फ्लॅश मारलेल्या फोटोत हे सगळं सपाट होतं. टॉर्च जवळजवळ आडवा धरून बाजूने उजेड पाडलेला फोटो मागावा, तोही डॉक्युमेंट म्हणून, कारण व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा पाठवलेला फोटो दाबला जातो आणि बारीक तंतूच आधी जातात. होलोग्रामचा एकच फोटो तर निरुपयोगी. बाटली फिरवताना रंग सरकतात की नाही हे व्हिडिओतच कळतं.

‘ब्लॉकचेनने सुरक्षित’ असं छापलेल्या खोक्यांना भुलू नये. ब्लॉकचेनमध्ये केलेली नोंद पुसता येत नसेल, पण आतला द्रव तिला दिसत नाही. हीच मर्यादा टॅगलाही आहे: तळाला भोक पाडून भरलेली बाटली `CC` च सांगते. म्हणून झाकणाच्या फोटोबरोबर तळाचाही एक फोटो मागावा, आडव्या उजेडातला.