टीव्ही टकटक करतो, लाल लाइट मिचकावतो, पण चालू होत नाही

रिमोट दाबला की आतून टक्, लाल लाइट मिचकते, परत टक्, आणि स्क्रीन काळीच. बरेच जण लगेच "पॅनल गेलं" म्हणून मोकळे होतात, पण जुन्या एलसीडी टीव्हीत हे लक्षण दिसलं तर आधी पॉवर बोर्ड बघावा, त्यातही 5 व्होल्टची स्टँडबाय लाइन.

टीव्ही बंद दिसत असला तरी ही छोटी सप्लाय चालूच असते, तिच्यावर रिमोटचा सेन्सर आणि मेन बोर्डवरचा कंट्रोलर जागे राहतात. तुम्ही बटण दाबलं की कंट्रोलर पॉवर बोर्डला ऑर्डर देतो, रिले ओढला जातो (तोच टक् आवाज), आणि त्याच क्षणी 5 व्होल्टवरचा लोड एकदम वाढतो. त्या लाइनवरचा कपॅसिटर, म्हणजे थोडा चार्ज साठवून ठेवणारा भाग, धड असेल तर तो धक्का सांभाळून घेतो. तो आतून सुकला असेल तर त्याचा आतला रेझिस्टन्स, म्हणजे ईएसआर, वाढलेला असतो, व्होल्टेज खाली बसतं, कंट्रोलर रिसेट होतो, रिले सुटतो, लोड गेला की व्होल्टेज परत येतं आणि सगळं पहिल्यापासून सुरू.

शेजारच्या काकांच्या 32 इंची टीव्हीत असंच होतं. स्टँडबायला मीटर 5.1 दाखवायचा म्हणजे एकदम ठणठणीत, पण बटण दाबलं की 4 च्या आसपास नाचायचा. नुसतं स्टँडबायचं रीडिंग बघून "सप्लाय ओके" म्हणणारे इथेच फसतात. त्या लाइनवरच्या 1000 मायक्रोफॅरड, 10 व्होल्टच्या कपॅसिटरचं डोकं किंचित फुगलेलं होतं, बोट फिरवल्यावर जाणवेल इतकंच. तो बदलला आणि 5.1 हललं नाही. डोकं सपाट असलेला कपॅसिटरही खराब निघू शकतो बरं का, फुगला नाही म्हणजे चांगला असं नाही.

अजून एक खूण म्हणजे बराच वेळ टकटक करून टीव्ही शेवटी लागतो, थंडीत जास्त त्रास देतो, कारण कपॅसिटर गरम झाला की त्याचा रेझिस्टन्स तात्पुरता उतरतो. गंमत म्हणजे त्याला मारते पण उष्णताच, ढोबळ हिशोब असा की तापमान 10 अंशांनी वाढलं की आयुष्य निम्मं, आणि बऱ्याच बोर्डांवर हे कपॅसिटर नेमके हीटसिंकला चिकटून बसवलेले असतात.

नवीन टाकताना मायक्रोफॅरड तेवढेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त (10 च्या जागी 16 चालतो, फक्त जागेत बसला पाहिजे), 105 अंशांचा लो ईएसआर टाइप, आणि मायनसची पट्टी जुन्याच बाजूला. पण प्लग काढला तरी प्रायमरीच्या, म्हणजे मेन्सच्या बाजूच्या, मोठ्या कपॅसिटरवर 300 च्या वर व्होल्ट राहू शकतात, तो डिस्चार्ज झालाय हे मीटरने बघितल्याशिवाय बोर्डला हात नाही, आणि चालू बोर्डवर मोजायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिकलाच द्या.

कपॅसिटर बदलूनही टकटक थांबली नाही तर मेन बोर्ड किंवा बॅकलाइटमध्ये शॉर्ट असू शकतो. आणि लाइट दर वेळी ठरावीक संख्येनेच मिचकत थांबत असेल तर तो एरर कोड असण्याची शक्यता जास्त, सोल्डरिंग गन काढण्याआधी त्या मॉडेलचं सर्व्हिस मॅन्युअल बघा.