०.७० हा आकडा आला कुठून?

‘प्रश्नावलीचा क्रॉनबॅक अल्फा ०.८६ आला, तो ०.७० पेक्षा जास्त असल्याने साधन विश्वसनीय व सप्रमाण आहे.’ आमच्या खान्देशात माझ्याकडे तपासायला येणाऱ्या कितीतरी शोधनिबंधांत हे वाक्य जवळपास असेच असते. अल्फा म्हणजे प्रश्नावलीतल्या विधानांची उत्तरे एकमेकांशी किती जुळतात यावरून निघणारा विश्वसनीयतेचा आकडा. विश्वसनीय म्हणजे मोजमाप सुसंगत, आणि सप्रमाण म्हणजे जे मोजायचे तेच मोजणारे. त्या वाक्यात दोन चुका आहेत: अल्फावरून सप्रमाणता ठरवणे आणि ०.७० ही सगळीकडे चालणारी हद्द मानणे. दोन्हींना इतिहास आहे.

एकच चाचणी पुन्हा न घेता तिची विश्वसनीयता कशी काढायची, हा जुना प्रश्न. १९१० मध्ये स्पिअरमन आणि ब्राऊन यांनी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, चाचणीचे दोन भाग करून त्यांच्या गुणांच्या सहसंबंधावरून पूर्ण चाचणीची विश्वसनीयता काढायचे सूत्र दिले. अडचण अशी, की सम-विषम प्रश्न वेगळे केले तर एक आकडा येतो, पहिला-दुसरा अर्धा केला तर दुसरा. १९३७ मध्ये कुडर आणि रिचर्डसन यांनी बरोबर-चूक प्रकारच्या प्रश्नांपुरती यातून वाट काढली. १९४५ मध्ये गटमन यांनी विश्वसनीयतेच्या काही किमान मर्यादा मांडल्या, त्यातली तिसरी म्हणजेच आजचा अल्फा. १९५१ मध्ये ली क्रॉनबॅक यांनी त्याला हे नाव दिले आणि सगळ्या शक्य विभागण्यांतून येणाऱ्या गुणकांची सरासरी म्हणजे अल्फा, हे दाखवले.

प्रश्नावली नेमके काय मोजते, हा त्यात विषयच नव्हता. त्यासाठी क्रॉनबॅक यांनी १९५५ मध्ये पॉल मील यांच्यासोबत संकल्पना-सप्रमाणतेवर वेगळा लेख लिहिला. एकाच माणसाने चार वर्षांच्या अंतराने दोन प्रश्न वेगळे ठेवले, आणि आपण ते एका वाक्यात एकत्र करतो, याचे मला खरोखर वाईट वाटते.

हे किती महागात पडते ते पाहू. समजा, रावेर-यावल भागातल्या केळी उत्पादकांचा ‘ताण’ मोजायला वीस विधाने केली. दहा कर्जाच्या हप्त्याबद्दल, दहा गुडघे-कंबरेच्या दुखण्याबद्दल. प्रत्येक गटातल्या विधानांचा आपसात सहसंबंध ०.५, आणि एका गटाचा दुसऱ्याशी शून्य, असे धरू. वीस विधानांच्या एकूण जोड्या १९०, त्यांतल्या फक्त ९० जोड्यांत ०.५ आहे. म्हणून सरासरी सहसंबंध सुमारे ०.२४. आता विधानांची संख्या k आणि ही सरासरी r घेऊन प्रमाणित अल्फाचे सूत्र लावा:

```
α = k*r / (1 + (k-1)*r)
```

उत्तर येते ०.८६. म्हणजे दोन गोष्टींचा परस्परांशी काडीचाही संबंध नसताना! विधाने वाढवली की अल्फा वाढतो, एवढेच यातून कळते. एक ते पाच गुणांच्या श्रेणीत एका शेतकऱ्याचे कर्जाचे ४५ आणि दुखण्याचे १५, दुसऱ्याचे नेमके उलट, तरी दोघांचा ‘ताण’ ६०. हे अल्फा कधीच सांगणार नाही. कोणती विधाने एकमेकांसोबत जातात ते दाखवणाऱ्या घटक विश्लेषणाच्या तक्त्यात मात्र दोन घटक स्वच्छ दिसतील. म्हणून निबंधात आधी तो तक्ता शोधावा, आणि प्रत्येक घटकाचा अल्फा वेगळा दिला आहे का ते बघावे. इथे तो प्रत्येकी ०.९१ येईल.

आता ०.७०. हा आकडा मानसशास्त्रज्ञ ननली यांच्या ‘सायकोमेट्रिक थिअरी’ या पुस्तकाच्या १९७८ च्या आवृत्तीतून उचललेला. तो त्यांनी संशोधनाच्या सुरुवातीच्या टप्प्यापुरता सांगितला होता. १९६७ च्या पहिल्या आवृत्तीत त्याच टप्प्यासाठी ०.५० ते ०.६० ही चालेल असे होते. आणि चाचणीच्या गुणांवरून एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय घ्यायचा असेल तर विश्वसनीयता निदान ०.९०, शक्यतो ०.९५ हवी, हेही त्यांनीच लिहिले. आपण फक्त सत्तर लक्षात ठेवले.

आणखी एक बाब आपल्या भागात फार घडते. अल्फा प्रश्नावलीचा नसतो, त्या लोकांनी दिलेल्या उत्तरांचा असतो. परदेशातल्या महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर आलेला अल्फा उद्धृत करून तीच प्रश्नावली मराठीत आणायची, आणि साक्रीकडे गेल्यावर अहिराणीत समजावून सांगत भरून घ्यायची, तर मूळ आकड्याचा इथे उपयोग नाही. ‘मला रात्री शांत झोप लागत नाही असे क्वचितच होते’ असले उलटे विधान तोंडी विचारताना अर्ध्या जणांना सुलटे ऐकू येते. किंवा गुण उलटवायचे राहून जातात. ओळखायची खूण सोपी आहे: ‘विधान वगळल्यास अल्फा’ या रकान्यात त्या एका विधानापुढे आकडा वर उडालेला असतो, आणि त्याच ओळीत बाकीच्या विधानांच्या बेरजेशी त्याचा सहसंबंध शून्याजवळ किंवा ऋण असतो. निबंधात हा तक्ता नसेल तर लेखकाकडून मागून घ्यावा, आणि उत्तरे कोणत्या बोलीत, कोणी विचारून भरली, हेही विचारावे.