ग्लोव्ज, केमिकलचे : मटेरियल, परमिएशन आणि ब्रेकथ्रू टाइम

सॉल्व्हंट किंवा अ‍ॅसिड हाताळताना घालायचे रबरी किंवा प्लास्टिकचे हातमोजे, आणि कुठल्या केमिकलला कुठलं मटेरियल किती वेळ टिकतं ते ठरवायची रीत. बेळगावात उद्यमबाग, मच्छे, होनगा इथल्या फाउंड्र्या, मशीन शॉप, पेंट शॉप आणि प्लेटिंगवाले, शिवाय निपाणी-चिकोडीकडे साखर कारखान्यांची फॅब्रिकेशनची कामं, या सगळ्यांत दोन केमिकल रोज हाताला लागतात, पेंटच्या आधी जॉब पुसायचं थिनर आणि गंज काढायच्या पिकलिंगचं अ‍ॅसिड. ही नोंद मुख्यतः त्या दोघांबद्दल आहे, कारण एकाच ग्लोव्जला ते अगदी वेगळ्या तऱ्हेने निकामी करतात.

उगम. पातळ रबरी ग्लोव्जची सुरुवात सहसा बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमधली सांगतात. ऑपरेशन थिएटरच्या मुख्य नर्स कॅरोलिन हॅम्प्टन यांच्या हाताची कातडी मर्क्युरिक क्लोराइडच्या द्रावणाने खराब व्हायला लागली, म्हणून सर्जन विल्यम हॅलस्टेड यांनी गुडइयर रबर कंपनीकडून त्यांच्यासाठी पातळ ग्लोव्ज बनवून घेतले. साल कधी १८८९ तर कधी १८९० दिलेलं आढळतं. हॅलस्टेड यांनी पुढे १९१३ मध्ये लिहिताना ‘१८८९-९० चा हिवाळा’ एवढंच सांगितलंय, नेमका महिना त्यांनाच आठवत नव्हता, तेव्हा तोच पट्टा धरणं बरं. मान कुणाला द्यायचा यावरही एकमत नाही. शवविच्छेदनासाठी जाड रबरी हातमोजे त्याआधीपासून होते, आणि प्रत्येक ऑपरेशनला सर्जननेही ग्लोव्ज घालायचेच ही शिस्त १८९६ च्या सुमारास हॅलस्टेड यांच्याच हाताखालचे सर्जन जोसेफ ब्लडगुड यांच्यामुळे पक्की झाली असं मानणारे बरेच आहेत. जंतूंच्या दृष्टीने ब्लडगुड यांचं नाव पुढे येतं ते रास्तच, पण या नोंदीपुरती हॅम्प्टन यांचीच हकीकत जास्त महत्त्वाची वाटते, कारण ते पहिले ग्लोव्ज जंतूंसाठी नव्हते, केमिकलपासून हात वाचवायला होते.

रबरातून पदार्थ आरपार जातो हे त्याच्याही आधीच माहीत होतं. फिलाडेल्फियाचे जॉन मिचेल यांनी १८३० च्या आसपास पाहिलं की भोक नसलेला रबरी फुगाही बसतो आणि प्रत्येक गॅस वेगळ्या वेगाने बाहेर पडतो. १८६६ मध्ये थॉमस ग्रॅहम यांनी त्याचं कारण मांडलं, गॅस रबरात आधी विरघळतो, मग त्यातून सरकतो आणि पलीकडे बाहेर येतो. बारीक छिद्रांतून जातो या कल्पनेपेक्षा हेच स्पष्टीकरण पुढे टिकलं. आज ज्याला परमिएशन म्हणतात ते हेच.

परमिएशन म्हणजे काय. ग्लोव्जला भोक, चीर किंवा शिवण उसवलेली असून लिक्विड आत आलं तर ते पेनिट्रेशन, ते फुंकर मारून किंवा पाणी भरून कळतं. ग्लोव्ज फुगला, चिकट झाला, कडक होऊन तडकला तर ते डिग्रेडेशन, ते डोळ्याला दिसतं. परमिएशन मात्र दिसत नाही, ग्लोव्ज नवाकोरा दिसत असताना सॉल्व्हंटचे रेणू एकेक करून रबरात शिरतात आणि आतल्या बाजूने कातडीवर निघतात. पेंट शॉपमध्ये पोरगा जॉब पुसता पुसता म्हणतो, “आण्णा, आत गार लागालंय,” तेव्हा सॉल्व्हंट आरपार येऊन कातडीवर उडायला लागलेलं असतं, आणि गार लागण्याइतकं येईपर्यंत ब्रेकथ्रू होऊन बराच वेळ गेलेला असतो.

ब्रेकथ्रू टाइम म्हणजे केमिकल बाहेरून लागल्यापासून आतल्या बाजूला ते ठरलेल्या वेगाने यायला लागेपर्यंतची मिनिटं. इथे एक बारकावा आहे जो कॅटलॉग वाचताना हमखास निसटतो. युरोपियन पद्धतीत हा ठरलेला वेग मिनिटाला दर चौरस सेंटिमीटर १ मायक्रोग्रॅम आहे, अमेरिकन एएसटीएम एफ७३९ मध्ये ०.१ मायक्रोग्रॅम. म्हणजे अमेरिकन आकडा दसपट कडक, आणि तोच ग्लोव्ज, तेच केमिकल असून त्या तक्त्यात वेळ कमी दिसतो. दोन कंपन्यांचे ग्लोव्ज शेजारी ठेवून तुलना करताना दोन्ही आकडे एकाच पद्धतीचे आहेत का ते आधी बघावं, नाहीतर चांगला ग्लोव्ज वाईट ठरतो.

युरोपियन मार्किंग, ईएन आयएसओ ३७४-१, आपल्याकडच्या दुकानांतल्या पाकिटांवरही दिसतं. त्यात १ ते ६ लेव्हल आहेत, १ म्हणजे १० मिनिटांच्या वर, २ म्हणजे ३० च्या वर, मग ६०, १२०, २४० आणि ६ म्हणजे ४८० मिनिटांच्या वर. फ्लास्कच्या चित्राखाली जी अक्षरं छापलेली असतात ती एकेका केमिकलची, बी म्हणजे अ‍ॅसिटोन, एफ टोल्युइन, एल ९६ टक्के सल्फ्युरिक, एम ६५ टक्के नायट्रिक. ‘टाइप ए’ लिहिलंय म्हणून ग्लोव्ज सगळ्याला चालतो असं नाही, ठरलेल्या यादीतल्या सहा केमिकलला तो किमान ३० मिनिटं टिकला एवढंच. तुमचं अक्षर त्या सहांत नसेल तर टाइप ए असून उपयोग शून्य.

आता थिनरचं. एनसी म्हणजे नायट्रोसेल्युलोज पेंटच्या थिनरमध्ये बहुतेक वेळा टोल्युइन किंवा झायलीन, सोबत अ‍ॅसिटोनसारखा कीटोन किंवा एस्टर आणि थोडं अल्कोहोल असतं, आणि इथेच गाठ बसते. ब्युटाइल रबर अ‍ॅसिटोनला आठ तासांच्या वर टिकतं पण टोल्युइनला मिनिटांतच हार खातं. व्हायटॉन नावाचं रबर उलट, टोल्युइनला उत्तम आणि अ‍ॅसिटोनला अजिबात चालत नाही. पीव्हीए म्हणजे पॉलिव्हिनाइल अल्कोहोल टोल्युइनला फार चांगलं, पण पाण्यात विरघळतं, म्हणजे घामाच्या किंवा ओल्या हाताशी, पावसाळ्यात खानापूरकडच्या हवेत, त्याचा भरवसा नको. आणि जो सगळीकडे मिळतो तो निळा पातळ नायट्राइल, साधारण ०.१ मिलिमीटरचा, अ‍ॅसिटोनला एखाद-दोन मिनिटांतच आरपार होतो. मिश्रणात सगळ्यात आधी पोचणारा घटक ब्रेकथ्रू टाइम ठरवतो, वरून तो रबर फुगवून बाकीच्यांना वाट मोकळी करून देतो, त्यामुळे वेगवेगळ्या घटकांच्या वेळा पाहून मिश्रणाचा अंदाज बांधला तर तो कमी पडू शकतो.

या कामाला खरं उत्तर म्हणजे अनेक थरांचा लॅमिनेट ग्लोव्ज, पॉलिइथिलीनच्या दोन थरांमध्ये ईव्हीओएच नावाच्या प्लास्टिकचा थर बसवलेला. दोन्ही घटकांना तो तासन्‌तास टिकतो, फक्त सैल आणि सपाट असतो, पकड येत नाही, म्हणून तो आत आणि वरून नायट्राइल असा घालतात. वरचा नायट्राइल तेव्हा पकडीसाठी आहे, वाचवायला नाही, हे काम करणाऱ्याला नीट सांगावंच लागतं. लॅमिनेट परवडत नसेल तर हात थिनरमध्ये बुडेल असं कामच बदलावं, लांब दांड्याचा ब्रश किंवा झाकणाचं वॉशिंग टब घ्यावं, आणि पातळ नायट्राइल फक्त शिंतोड्यापुरता, शिंतोडा उडाला की लगेच काढून टाकायचा.

जाडीचा हिशोब. ब्रेकथ्रूची वेळ ढोबळमानाने जाडीच्या वर्गाबरोबर वाढते. ०.१ मिलिमीटरला २ मिनिटं लागत असतील तर त्याच मटेरियलला ०.२ ला ८ आणि ०.४ ला साधारण ३२ मिनिटं. म्हणून एकावर एक दोन पातळ ग्लोव्ज घातल्याने वेळ नुसता दुप्पट होत नाही, जास्त वाढतो, पण तरी तो मिनिटांतच राहतो. उलट बाजूने मुठी वळल्या की बोटांच्या पेरांवर रबर ताणून पातळ होतं, आणि टेस्ट २३ अंशांवर घेतलेली असते तर ग्लोव्जच्या आत कातडीचं तापमान ३३-३५ च्या घरात. दोन्हीमुळे वेळ घटतो, म्हणून छापील वेळ ही वरची मर्यादा समजावी, हक्काची नाही.

सगळ्यात मोठी चूक खिळ्याला टांगलेल्या ग्लोव्जची. काम संपलं, ग्लोव्ज बाहेरून पुसला, भिंतीवर टांगला, सकाळी परत घातला. पण रबरात शिरलेलं सॉल्व्हंट पुसून निघत नाही, ते रात्रभर दोन्ही बाजूंना सरकत राहतं, आणि सकाळी ग्लोव्जच्या आतल्या बाजूलाही त्याचा काही भाग येऊन बसलेला असतो. अ‍ॅसिटोन बऱ्यापैकी उडून जातं, झायलीनसारखं जड सॉल्व्हंट रेंगाळतं. घड्याळ पहिल्या स्पर्शाला सुरू होतं आणि ग्लोव्ज काढल्यावर थांबत नाही, दुसऱ्या दिवशी ते शून्यापासून मोजणं चूक.

घरच्या घरी तपासणी. सराफाकडे असतो तसा ०.०१ ग्रॅम दाखवणारा काटा असेल तर एक सोपी परीक्षा होते. ग्लोव्जचं एक बोट उलटं करायचं म्हणजे बाहेरची बाजू आत येते, त्यात ४ सेंटिमीटर उंचीपर्यंत थिनर ओतायचं, तोंड दोनदा घट्ट बांधायचं, उघड्यावर, आग-ठिणगीपासून लांब टांगायचं आणि दर पाच मिनिटांनी वजन घ्यायचं. शेजारी तेवढंच थिनर भरलेलं लॅमिनेटचं बोट तसंच बांधून ठेवावं, त्याचंही वजन घटलं तर गळती गाठीतून आहे. बोटाचा ओला भाग साधारण ३० चौरस सेंटिमीटर धरला आणि मिनिटाला दर चौरस सेंटिमीटर २०० मायक्रोग्रॅम जात असले तर मिनिटाला ६,००० मायक्रोग्रॅम, म्हणजे दोन मिनिटांच्या आत काटा ०.०१ ने उतरतो आणि तो ग्लोव्ज बाद. पण वेग जेमतेम १ मायक्रोग्रॅमचा असेल, म्हणजे ब्रेकथ्रू नुकताच झालेला असेल, तर तेवढाच फरक दिसायला साडेपाच तास जातात. म्हणून या परीक्षेत नापास झालेला ग्लोव्ज नक्की वाईट, पास झालेला चांगला ठरत नाही. अ‍ॅसिडवर हा प्रयोग करू नये.

अ‍ॅसिड. इथे मामला बदलतो. पाण्यात मिसळलेलं अ‍ॅसिड आयनांच्या रूपात असतं आणि आयन रबरात सहजी विरघळत नाहीत, त्यामुळे पिकलिंगच्या हायड्रोक्लोरिकला जाड नायट्राइल, निओप्रीन किंवा जाड पीव्हीसी दिवसभर पुरतं, त्रास होतो तो भोकातून आणि मनगटावरून आत ओघळणाऱ्या थेंबांनी. लांब कफ घेऊन त्याची कड बाहेर दुमडावी. तीव्र नायट्रिक आणि ९६-९८ टक्के सल्फ्युरिक मात्र रबरालाच खातात, नायट्राइल रंग बदलून कडक होतो, तडे जातात, तिथे ब्युटाइल, आणि सल्फ्युरिकला थोडा वेळ निओप्रीन. स्टेनलेसच्या वेल्डवर लावायची पिकलिंग पेस्ट वेगळी धरावी, तिच्यात नायट्रिकसोबत हायड्रोफ्लुओरिक असतं, ते कातडीतून खोल जातं आणि कमी तीव्रतेचं असेल तर दुखणं काही तासांनी सुरू होतं. त्या पेस्टला पातळ नायट्राइल नकोच, आणि कॅल्शियम ग्लुकोनेट जेल पेस्टच्या डब्याशेजारी ठेवलेलं असावं, फर्स्ट-एडच्या कपाटात कुलपात नव्हे. लागलं तर आधी भरपूर पाणी, मग जेल चोळत राहायचं आणि दुखत नसलं तरी दवाखाना गाठायचा.