'आवाज येऊन राहिला का?' : व्हिडिओ कॉलवरच्या नमस्काराची पार्श्वभूमी

नागपुरात व्हिडिओ कॉलवरचं पहिलं वाक्य 'नमस्कार' नसतं आणि 'हॅलो'ही नसतं. ते असतं, 'आवाज येऊन राहिला का?' पुण्याकडचे 'येतोय का' म्हणतात, फरक एवढाच. सहा-सात जणांच्या मीटिंगमध्ये हा प्रश्न निदान तीनदा विचारला जातो, त्याला दोघं-तिघं एकदम उत्तर देतात, आणि खरा नमस्कार राहूनच जातो. असं का होतं हे समजायला आधी टेलिफोनकडे जावं लागतं.

१८७६ मध्ये टेलिफोन आला तेव्हा तो उचलून काय म्हणायचं हेच ठरलेलं नव्हतं. अलेक्झांडर ग्रॅहम बेलला जहाजावरची 'अहॉय' ही हाक पसंत होती. एडिसनने १८७७ मध्ये एका पत्रात 'हॅलो' सुचवलं आणि तेच टिकलं. ही गोष्ट बहुतेकांना माहीत असते. पण शब्दापेक्षा मोठी गोष्ट त्याच्या मागे आपोआप रुजली, ती म्हणजे फोन उचलणारा आधी बोलतो. ज्याला काम आहे तो नाही, ज्याला उठवलं तो.

एमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकन समाजशास्त्रज्ञाने सुमारे ५०० फोनकॉलची सुरुवात तपासून १९६८ मध्ये यावर लेख लिहिला. एक सोडून सगळे कॉल या नियमात बसले. तो एक कॉल पोलिसांनी केलेला होता. समोरच्याने फोन उचलला, पण तो काही बोललाच नाही. क्षणभर शांतता गेली आणि फोन करणारा पोलिसच 'हॅलो' म्हणाला. शेग्लॉफने याच अपवादातून कोडं सोडवलं. त्याचं म्हणणं आपल्या भाषेत सांगायचं तर घंटी ही हाक आहे आणि उचलणाऱ्याचं 'हॅलो' ही त्या हाकेला दिलेली ओ. ओ आली नाही म्हणून त्या माणसाने पुन्हा हाक मारली. (आपल्याकडे 'हाकेला ओ देणं' केव्हापासूनचं आहे, त्यासाठी कोणाला ५०० कॉल ऐकावे लागले नसते.)

दाराशी मात्र उलटं असतं. नागपूरच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात येणारा माणूस उंबऱ्याबाहेरूनच 'आहे का कोणी घरात?' म्हणतो. तिथे आधी येणारा बोलतो, आणि घरातले वडीलधारे असतील तर वाकतोही तोच.

दोन्ही रीती आपापल्या जागी नीट चालल्या होत्या. २०२० च्या मार्चअखेर लॉकडाऊन लागला आणि सगळे लिंकवर जमू लागले. लिंकला घंटी नसते. कोणी कोणाला हाक मारलेली नसते, त्यामुळे ओ देणाराही कोणी नसतो. व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हिडिओ कॉलला घंटी आहे, म्हणून तिथे मावशी अजूनही फोन उचलून 'हं, बोल रे' म्हणते आणि काही अडत नाही. अडतं ते झूम आणि मीटवर. तिथे आलेला माणूस फोन उचलणारा की दारात उभा राहिलेला पाहुणा, हेच त्याला उमगत नाही. म्हणून तो वाट बघतो. बाकीचेही बघतात.

त्यात आवाजाचा उशीर. समोरासमोरच्या गप्पांत एकाचं बोलणं संपल्यावर दुसरा साधारण एक-पंचमांश सेकंदात सुरू होतो. इंटरनेटवर आवाज पोचायलाच कधीकधी तेवढा वेळ जातो. आपल्याला शांतता वाटते म्हणून आपण तोंड उघडतो आणि त्याच वेळी तिकडून निघालेलं वाक्य येऊन धडकतं. मग 'बोला बोला', 'नाही, तुम्ही बोला काका', आणि पुन्हा दोघंही गप्प.

आमच्या धंतोलीतल्या सोसायटीची कमिटी मीटिंग लॉकडाऊनमध्ये अशीच सुरू झाली. वेळ रात्री साडेआठ, माणसं आठ, महिना मे. मे महिना यासाठी सांगतो की नागपुरात तेव्हा घरोघरी डेझर्ट कूलर घरघरत असतो. आठांपैकी पाच जण कूलरसमोर बसलेले. पहिल्या मीटिंगला पाण्याच्या टाकीचा विषय राहिला बाजूला, फक्त वारा ऐकू आला. दुसऱ्या वेळी सचिवांनी आल्याबरोबर सगळ्यांचा माइक बंद राहील अशी सेटिंग लावली. कूलर थांबले, पण नमस्कारही थांबले. प्रत्येक जण दारातून आल्यासारखा 'नमस्कार मंडळी' म्हणत होता आणि ते फक्त त्याच्याच खोलीत ऐकू जात होतं. अध्यक्ष काका पाच मिनिटं बोलले. त्यांचे हात हलताना दिसत होते. शेवटी काकू मागून येऊन काहीतरी म्हणाल्या, ते कोणाला ऐकू गेलं नाही, पण काय म्हणाल्या असतील ते सगळ्यांना कळलं.

माइक बंद आहे हे बोलणाऱ्यालाच का कळत नाही, याचंही कारण आहे. जुन्या फोनच्या रिसीव्हरमध्ये आपलाच आवाज थोडा आपल्या कानात परत येत असे. लाइन मेली की कान एकदम सुना वाटे आणि माणूस लगेच थांबे. लॅपटॉपसमोर आपला आवाज आपण खोलीतल्या हवेतून ऐकतो, माइक सुरू असो की बंद, तो सारखाच येतो. झूम You are muted अशी पाटी दाखवतं, पण काका त्या वेळी चश्म्याच्या वरून बघत असतात. सचिवांनाही सहसा परस्पर दुसऱ्याचा माइक उघडता येत नाही, फक्त विनंती धाडता येते. घरात कोण काय बोलत असेल ते न सांगता सगळ्यांना ऐकू जाऊ नये, म्हणून ते तसंच बरं.

उशिरा येणाऱ्यांचा इतिहास आणखी जुना, आणि तो आपल्याच नोटिशीत छापलेला आहे. 'कोरम पूर्ण न झाल्यास सभा अर्धा तास तहकूब करून त्याच ठिकाणी घेण्यात येईल.' सोसायटीच्या सभेच्या नोटिशीतलं हे वाक्य लोक अर्धा तास उशिरा येण्याची परवानगी म्हणूनच वाचत आले. सभागृहात ते खपायचं, कारण तोवर चहा आणि राजकारण चालायचं, आणि मागाहून आलेला मान डोलवून मागच्या खुर्चीत बसला की झालं. पडद्यावर मागची खुर्ची नाही. टुणकन आवाज होतो, चौकट वाढते, सगळ्यांचे डोळे तिकडे जातात, बोलणारा अडखळतो. कोणीतरी 'या या, आम्ही टाकीबद्दल बोलून राहिलो' म्हणतं आणि टाकी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते. साडेआठच्या मीटिंगमध्ये आम्ही टाकी तीनदा साफ केली. वर फुकटातल्या झूमवर चाळीस मिनिटांनी पडदा बंद, त्यामुळे पेंटिंगचा विषय राहूनच गेला.

पुढे जे ठरलं ते कोणी ठराव करून ठरवलं नाही. आधी सचिव बोलतात, कारण लिंक त्यांची, म्हणजे घर त्यांचं. ते एकेकाचं नाव घेतात, वयाने मोठ्यापासून. नाव घेतलं की तो माइक उघडून 'नमस्कार' म्हणतो, त्यातच आवाजाची तपासणी होते. ही हाक आणि ओ झाली, फक्त घंटीच्या जागी नाव. पाच मिनिटं थांबून कामाला लागतात. त्यानंतर आलेल्याला विषय संपेपर्यंत कोणी काही म्हणत नाही. विषय संपला की सचिव त्याला एका वाक्यात सांगतात, 'टाकीचं झालं, आता रंगाचं.' कोणी मुक्यानेच बोलू लागला तर त्याचं नाव घेऊन एकानेच सांगायचं, आठांनी ओरडायचं नाही. आम्ही तर हात उचलून ओठांवर बोट ठेवतो.

तिसऱ्या मजल्यावरच्या आजोबांना माइकचं बटण अजून सापडत नाही. त्यांचं नाव आलं की ते कॅमेऱ्यासमोर दोन्ही हात जोडतात. सचिव 'नमस्कार आजोबा' म्हणतात आणि वहीत हजेरीची खूण करून पुढच्या नावाकडे वळतात.