कॅन्सर यकृतात जातो, प्लीहेत का जात नाही?

स्तनाच्या कॅन्सरने दगावलेल्या ७३५ स्त्रियांच्या शवविच्छेदनाच्या नोंदी लंडनचे शल्यचिकित्सक स्टीफन पॅजेट यांनी गोळा केल्या आणि १८८९ मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात त्यांचा हिशेब मांडला. यकृतात दुय्यम गाठी, म्हणजे मूळ कॅन्सर पसरून झालेल्या गाठी, सापडल्या २४१ जणींच्या. प्लीहेत सापडल्या फक्त १७ जणींच्या. प्लीहेला रक्त पुरवणारी धमनी यकृताच्या धमनीपेक्षा लहान नाही, उलट मोठीच आहे. मग रक्तासोबत वाहत आलेल्या पेशी दोन्हीकडे पोहोचत असताना एकीकडे गाठी आणि दुसरीकडे जवळपास काहीच नाही, असे का व्हावे?

पॅजेट यांनी हाडांकडेही पाहिले. मांडीचे हाड, कवटी अशा ठिकाणी दुय्यम गाठी होत, पण हाताच्या किंवा पायाच्या पंजातल्या हाडांत त्या कोणी पाहिल्याच नव्हत्या. बी सगळीकडे उडते, पण मानवेल त्याच जमिनीत रुजते, असे त्यांनी यावर म्हटले. त्या काळात बहुतेकांचे लक्ष बियांवर, म्हणजे कॅन्सरच्या पेशीवर होते. पॅजेट यांना जमिनीचा अभ्यास हवा होता.

पुढे मात्र जोर चालला तो दुसऱ्या मताचा. अमेरिकी विकृतिशास्त्रज्ञ जेम्स यूइंग यांनी १९२० च्या दशकात मांडले की पेशी कुठे जाणार हे रक्ताचा मार्गच ठरवतो. हे म्हणणे चूक नव्हते. आतड्यातले रक्त हृदयाकडे जाण्याआधी यकृतातून गाळले जाते, त्यामुळे मोठ्या आतड्याचा कॅन्सर बहुधा आधी यकृतात उतरतो. बाकी शरीरातून परतणाऱ्या रक्ताला पहिली बारीक जाळी लागते ती फुप्फुसांतल्या केशवाहिन्यांची. कॅन्सरची पेशी या वाहिन्यांपेक्षा रुंद असते, म्हणून ती तिथे अडकते. १९४० मध्ये ऑस्कर बॅटसन यांनी पाठीच्या कण्याभोवतीच्या झडपा नसलेल्या शिरांचे जाळे दाखवले, आणि प्रोस्टेटचा कॅन्सर फुप्फुसे चुकवून थेट मणक्यांत कसा पोहोचू शकतो, याचाही उलगडा झाला. पण प्लीहेचा प्रश्न या नकाशात बसत नव्हता.

तो पुन्हा प्रयोगाच्या टेबलावर आणला आयन हार्ट आणि आयझाया फिडलर यांनी, १९८० मध्ये. उंदरांच्या स्नायूत त्यांनी फुप्फुस, अंडाशय आणि मूत्रपिंड यांच्या ऊतींचे तुकडे रोवले. तुकड्यांत रक्तपुरवठा सुरू झाल्यावर शिरेतून मेलॅनोमा या त्वचेच्या कॅन्सरच्या पेशी सोडल्या. गाठी उंदराच्या मूळ फुप्फुसांत झाल्या, रोवलेल्या फुप्फुसाच्या आणि अंडाशयाच्या तुकड्यांतही झाल्या. मूत्रपिंडाच्या तुकड्यात झाल्या नाहीत. तुकडे शेजारच्याच स्नायूत होते, त्यामुळे फरक रक्ताच्या वाटेचा म्हणता येत नव्हता.

उंदरावरून माणसाबद्दल बोलायला मी सहसा कचरतो. पण १९८४ मध्ये डेव्हिड टॅरिन आणि सहकाऱ्यांनी रुग्णांमध्येच याचे उत्तर शोधले. प्रगत कॅन्सरमध्ये पोटात पाणी साठून रुग्ण फार बेजार होतो. ते पाणी नळीने मानेतल्या शिरेत सोडण्याचा उपचार तेव्हा काही ठिकाणी होत असे. आराम मिळे, पण पाण्यातल्या असंख्य कॅन्सरपेशीही दिवसरात्र रक्तात ओतल्या जात. फुप्फुसे गाठींनी भरून जातील अशी भीती साहजिक होती. प्रत्यक्षात असे महिनोन्‌महिने चालूनही अनेकांच्या शवविच्छेदनात फुप्फुसांत गाठी नव्हत्या, आणि काहींत होत्या त्या अगदी बारीक, वाढ थांबलेल्या. हे निरीक्षण मला या साऱ्या इतिहासात सर्वांत मोलाचे वाटते.

मग अडते कुठे? मूळ गाठीतून सुटण्यासाठी पेशीला शेजारच्या पेशींशी असलेली पकड सैल करावी लागते, भोवतीचा पातळ पडदा विकरांनी विरघळवावा लागतो आणि रक्तवाहिनीत शिरावे लागते. रक्तात तिच्यावर प्रवाहाचा ताण येतो, प्रतिकारशक्तीच्या पेशी हल्ला करतात. खरी गाळणी इथेच होत असावी, असा बराच काळ समज होता.

१९९८ मध्ये कॅनडातल्या ॲन चेंबर्स यांच्या गटाने पेशींचा जमाखर्चच मांडला. मेलॅनोमाच्या पेशी त्यांनी उंदराच्या यकृताकडे जाणाऱ्या शिरेत सोडल्या आणि पुढे त्यांचे काय झाले ते मोजले. सोप्या हिशेबासाठी दहा हजार पेशी धरू. तिसऱ्या दिवशी त्यांतल्या सुमारे आठ हजार जिवंत होत्या, आणि बहुतेक वाहिनीतून बाहेर पडून यकृताच्या ऊतीत पोहोचल्या होत्या. त्या आठ हजारांतल्या चाळिसात एका पेशीने लहानसा पुंजका केला, म्हणजे पुंजके झाले दोनशे. तेराव्या दिवसापर्यंत शंभरातला एकच पुंजका डोळ्यांना दिसेल अशी गाठ झाला, म्हणजे उरल्या दोन गाठी. बाकीचे पुंजके बहुतांशी विरून गेले.

मात्र याच दिवशी सुमारे ३,६०० पेशी एकेकट्या, जिवंत आणि बहुतेक न विभागता यकृतात पडून होत्या. हा प्रयोग सुटकेचा टप्पा वगळून पेशी थेट रक्तात सोडतो, ही त्याची मर्यादा आहे. पण पोहोचणे सोपे आणि रुजणे अवघड, हे त्यातून नक्की दिसते. नेहमीची केमोथेरपी विभागणाऱ्या पेशींवर काम करते, त्यामुळे निजलेल्या पेशी तिच्यातून वाचू शकतात. स्तनाचा कॅन्सर दहा-पंधरा वर्षांनी हाडात उलटतो, त्यामागे अशाच पेशी असल्याचे मानले जाते.

हाडात त्या जाग्या कशा होतात, हे बरेचसे कळले आहे. हाड कायम झिजते आणि नव्याने बांधले जाते. स्तनाच्या कॅन्सरची पेशी पॅराथायरॉइड संप्रेरकासारखे एक प्रथिन सोडते. त्याने हाड खाणाऱ्या पेशी चेतवल्या जातात. हाड विरघळू लागले की त्यात साठलेले वाढीचे घटक मोकळे होतात, ते कॅन्सरच्या पेशीला पोसतात आणि ती आणखी प्रथिन सोडते. हे चक्र लाल मज्जेच्या हाडांत, म्हणजे मणके, कंबरेची हाडे, फासळ्या आणि मांडीच्या हाडाचे वरचे टोक यांत चालते. प्रौढांच्या पंजांच्या हाडांत मुख्यतः पिवळी, चरबीयुक्त मज्जा असते. पॅजेट यांना पंजे मोकळे का दिसले, याचा बराचसा खुलासा यात आहे.

हाडात वाढलेली ही गाठ स्तनाच्याच कॅन्सरची असते. सूक्ष्मदर्शकाखाली ती तशीच ओळखता येते आणि उपचारही त्याच आजाराचे होतात. हाडांचा स्वतःचा कॅन्सर हा वेगळा आजार आहे. 'आता हाडांचा कॅन्सर झाला' असे म्हणणाऱ्या नातेवाइकांना हे नीट समजावून सांगायला हवे.

हाड खाणाऱ्या पेशींना रोखणारी बिस्फॉस्फोनेट औषधे याच चक्राला लगाम घालतात. गाठी झालेल्या रुग्णांत ती हाड मोडण्याचे आणि दुखण्याचे प्रमाण कमी करतात, पण आजार मुळातून काढत नाहीत. सुरुवातीच्या टप्प्यातच ती दिली तर काय होते, याचा २०१५ मध्ये अठरा हजारांहून अधिक स्त्रियांच्या चाचण्या एकत्र करून अभ्यास झाला. पाळी गेलेल्या स्त्रियांत दहा वर्षांत हाडांत कॅन्सर उलटण्याचे प्रमाण ८.८ टक्क्यांवरून ६.६ टक्क्यांवर आले. पाळी चालू असलेल्यांत मात्र तसा फायदा दिसला नाही. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन घटते आणि हाडाची झीज वाढते, म्हणून औषधाला रोखण्यासारखे तिथे अधिक असते, असे स्पष्टीकरण दिले जाते.